तेच वीस तास

समजा, भोसरीत एक छोटं वर्कशॉप आहे. विभाग दोनच. एकीकडे व्हीएमसी मशिनं, दुसरीकडे फिटर मंडळींची असेंब्ली. वीज, घसारा, देखभाल, विमा असा मशिन शॉपचा वरखर्च महिन्याला ६ लाख रुपये. असेंब्लीचा १ लाख २० हजार.

हा खर्च जॉबवर टाकायचा सोपा मार्ग म्हणजे सरसकट दर. एकूण ७ लाख २० हजार भागिले कामगारांचे महिन्याचे ४,००० तास. तासाला १८० रुपये.

एक जॉब येतो. माल ८,००० चा, मजुरी ३,०००. कामगाराचे तास २०. त्यातले १२ मशिन शॉपमध्ये, ८ असेंब्लीत. वरखर्च ३,६००, म्हणजे जॉब पडला १४,६०० ला. त्यावर १५ टक्के नफा धरून मालक १६,७९० चं कोटेशन देतो आणि ऑर्डर मिळते.

आता तोच जॉब विभागवार दराने मोजू. या शॉपमध्ये एक ऑपरेटर दोन मशिनं सांभाळतो. त्यामुळे त्याच्या १,००० तासांत मशिनं २,००० तास चालतात, आणि मशिन-तासाचा दर येतो ३०० रुपये. असेंब्लीत ३,००० तासांवर १ लाख २० हजार, म्हणजे तासाला फक्त ४०. आपल्या जॉबने २४ मशिन-तास खाल्ले: ७,२०० रुपये. असेंब्लीचे ३२०. जॉब पडला १८,५२० ला! वहीत २,१९० नफा दिसतोय, आणि प्रत्यक्षात १,७३० गेले.

गंमत पुढेच आहे. माल-मजुरी तीच, तासही २०च, पण मशिनवर २ आणि असेंब्लीत १८, असा जॉब घ्या. त्याचा वरखर्च निघतो १,२०० अधिक ७२०, म्हणजे १,९२०. आणि मशिनवर ५, असेंब्लीत १५ असतील तर? ३,००० अधिक ६००. बरोबर ३,६००! कारण अख्ख्या वर्कशॉपचं प्रमाणही एकास तीनच आहे. सगळे जॉब याच प्रमाणात फिरत असतील, तर सरसकट दर खुशाल वापरावा.

तसे ते फिरत नाहीत, आणि गिऱ्हाइकाला नेमका फरक कळतो. असेंब्लीचं काम तुमच्याकडे महाग, म्हणून ते शेजारी जातं. मशिनचं स्वस्त, म्हणून रांग लागते. मशिनं रात्रंदिवस फिरतात आणि बँकेत पैसा दिसत नाही.

विभागवार दरही काही शेवटचा शब्द नव्हे. त्यातला घसारा मशिन बंद असलं तरी लागतोच, त्यामुळे रिकाम्या महिन्यात १८,५२० च्या खाली घेतलेली ऑर्डरही कधी कधी परवडते. पण तेव्हा ती डोळे उघडे ठेवून घेतलेली असते.

गेल्या सहा महिन्यांतली हुकलेली कोटेशनं एकदा काढून बघा. त्यात असेंब्लीचीच कामं जास्त निघाली, तर आधी दर तपासा.