एका क्रियापदाने फोडलेली काच

बी.ए.च्या मानसशास्त्राच्या पेपराआधी विद्यार्थी प्रयोगांची कार्डं करतात. एका कार्डावर एक प्रयोग आणि तीन रकाने: पद्धत, निष्कर्ष, टीका. पहिले दोन रकाने पाठ करून भागतं. तिसऱ्यात मात्र बहुतेकदा ‘नमुना लहान होता’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि ते वाक्य कुठल्याही कार्डावर चालून जातं. टीका पद्धतीतूनच कशी निघते, हे एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात छान दिसतं.

पद्धत अशी. ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या सात छोट्या चित्रफिती दाखवल्या. मग विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता? प्रश्न सगळ्यांना तोच होता, फक्त क्रियापद बदलत होतं. नऊ-नऊ जणांच्या पाच गटांपैकी एकाला ‘जोरात आदळल्या’ अशा अर्थाचं इंग्रजी क्रियापद मिळालं, दुसऱ्याला ‘धडकल्या’, आणखी एकाला नुसतं ‘टेकल्या’ असं सौम्य.

निष्कर्ष: सर्वांत जोरकस शब्दाला सरासरी उत्तर आलं ताशी ४०.८ मैल, सर्वांत सौम्य शब्दाला ३१.८.

इथेच पहिली शंका येते. विद्यार्थ्यांची आठवण बदलली, की वेगाचा नीट अंदाज नसल्याने त्यांनी शब्दाच्या रोखाने आकडा सांगून टाकला? या प्रयोगातून ते कळत नाही. म्हणूनच दुसरा प्रयोग झाला, आणि कार्डावर तो गाळला की अर्धं उत्तर हातचं जातं.

दुसऱ्या वेळी १५० विद्यार्थी होते. पन्नास जणांना ‘जोरात आदळल्या’, पन्नास जणांना ‘धडकल्या’ असा प्रश्न होता. उरलेल्या पन्नास जणांच्या नियंत्रण गटाला वेगाबद्दल काहीच विचारलं नाही. आठवड्याने सगळ्यांना बोलावून विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. तरी पहिल्या गटातल्या १६ जणांनी ‘हो’ म्हटलं, दुसऱ्यातल्या ७ आणि नियंत्रण गटातल्या ६ जणांनी. नियंत्रण गटाचा आकडा लिहिला नाही, तर १६ हे जास्त की कमी, हे ठरवायचं कशावरून?

आता टीका. बघणारे खुर्चीत निवांत बसले होते. त्यांना भीती नव्हती आणि चुकीच्या उत्तराने कुणाचं नुकसान होणार नव्हतं. खऱ्या साक्षीदाराचं तसं नसतं. युइल आणि कटशॉल यांनी १९८६ मध्ये कॅनडातल्या एका खऱ्या गोळीबाराच्या १३ साक्षीदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घटनेनंतर चार-पाच महिन्यांनीही त्यांच्या आठवणी बऱ्याच अचूक होत्या आणि दिशाभूल करणाऱ्या प्रश्नांना बहुतेक जण फसले नाहीत.

पण हे साक्षीदारही तेराच होते, आणि ज्यांनी घटना सर्वांत जवळून पाहिली त्यांच्यावरचा ताणही सर्वांत मोठा होता. त्यामुळे आठवण पक्की राहिली ती ताणामुळे की जवळून पाहिल्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही. तिसऱ्या रकान्यात या अभ्यासाच्या नावाखाली ही ओळही हवी.