‘आपला दावा’ नेमका कुणाचा?
वनहक्काच्या नोटिशीतली मराठी

गडचिरोली जिल्ह्यातल्या एखाद्या टोल्यावर सरकारी नोटीस येते, तेव्हा ती बहुतेक वेळा मनातल्या मनात वाचली जात नाही. कोतवाल, ग्रामसेवक, शिक्षक किंवा शिकलेला एखादा पोरगा ती मोठ्याने वाचतो आणि वाचता वाचता माडिया किंवा गोंडीत सांगत जातो. सिरोंच्याकडे हेच काम तेलुगूत होतं. म्हणजे मूळ इंग्रजी मसुद्यापासून ऐकणाऱ्यापर्यंत दोन अनुवाद होतात. पहिला कार्यालयात, कागदावर. दुसरा झाडाखाली, तोंडी. पहिला करणाऱ्याला दुसरा बहुधा ठाऊकच नसतो.

चंद्रपूर आणि गडचिरोलीत अशा नोटिशींमधली सर्वांत महत्त्वाची नोटीस म्हणजे वनहक्क दावा नामंजूर होत असल्याची. वनहक्क कायदा 2006 चा, त्याचे नियम 1 जानेवारी 2008 चे, आणि त्यात मोठी दुरुस्ती झाली सप्टेंबर 2012 मध्ये. त्या दुरुस्तीने आलेला नियम 12अ सांगतो की ग्रामसभेने दावा फेटाळला किंवा त्यात बदल केला, अथवा उपविभागस्तरीय समितीने तशी शिफारस वर पाठवली, तर ते दावेदाराला व्यक्तिशः कळवलं पाहिजे. कशासाठी, हेही नियमातच आहे: त्याला पुढच्या समितीकडे दाद मागता यावी म्हणून. त्यासाठी 60 दिवस, आणि समितीला योग्य वाटलं तर आणखी 30.

हे कळवणं किती गंभीर आहे ते 2019 मध्ये दिसलं. दावे फेटाळले गेलेल्यांना वनजमिनीवरून हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 13 फेब्रुवारीला दिला आणि 28 फेब्रुवारीला तो स्थगित केला. स्थगिती देताना न्यायालयाने राज्यांना विचारलं, की हे दावे फेटाळताना कोणती पद्धत पाळली? त्या पद्धतीतला एक दुवा हा नोटिशीचा कागद आहे.

आता तो कागद मराठीत कसा उतरतो ते पाहू. खालचा नमुना मी रचलेला आहे, पण अशा मराठीची ओळख प्रत्येक वाचकाला असेल:

‘आपण वनहक्क अधिनियमान्वये दाखल केलेला दावा सादर केलेल्या पुराव्यांच्या अनुषंगाने तपासण्यात आला असून ते दिनांक 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा सिद्ध करण्यास पुरेसे नसल्याने आपला दावा नामंजूर करण्याची शिफारस करण्यात आली असल्याबाबत आपणास याद्वारे कळविण्यात येत असून, याबाबत आपण व्यथित असल्यास साठ दिवसांच्या आत, जो कालावधी सक्षम समितीच्या स्वेच्छाधिकारानुसार तीस दिवसांनी वाढविण्यायोग्य राहील, योग्य त्या समितीकडे याचिका दाखल करावी.’

व्याकरणाची ओढाताण सोडली तर यात खोटं काहीच नाही. पन्नासहून अधिक शब्दांचं हे एकच वाक्य आहे, कारण मूळ इंग्रजी नियमही एकाच वाक्यात आहे. पण इंग्रजीत मुख्य क्रियापद कर्त्याच्या जवळ येतं आणि अटी मागून जोडल्या जातात. मराठीत क्रियापद शेवटी. त्यामुळे सगळ्या अटी आधी गोळा होतात आणि ‘करावी’ येईपर्यंत ऐकणाऱ्याला त्या डोक्यात धरून बसावं लागतं. मोठ्याने वाचून तोंडी अनुवाद करणाऱ्याची तर कोंडीच होते. ‘असून’पाशी थांबून तो सांगायला लागला, तर वाक्य अर्धं असतं. न थांबता वाचलं, तर शेवटी पहिल्या भागातलं निम्मं विसरलेलं असतं. माझं म्हणणं असं की अशा नोटिशीत वाक्याची लांबी शब्द मोजून नव्हे, तर तोंडी सांगणाऱ्याचा थांबा पाहून ठरवावी. एका थांब्यापर्यंत एक कर्ता, एक क्रिया आणि फार तर एक तारीख.

दुसरा दोष अधिक घातक आहे. ‘शिफारस करण्यात आली आहे’. कुणी केली? कर्मणी प्रयोगाची ही शासकीय सवय पत्राला भारदस्त करते खरी, पण कर्त्याला पडद्याआड ढकलते. इथे कर्ता कोण यावरच दाद कुठे मागायची ते ठरतं. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर उपविभागस्तरीय समितीकडे जायचं, तिथे उपविभागीय अधिकारी अध्यक्ष असतात. त्या समितीचा निर्णय मान्य नसेल तर जिल्हास्तरीय समितीकडे, जिथे अध्यक्ष जिल्हाधिकारी. पहिली पायरी चुकवून थेट जिल्ह्याला जाता येत नाही. कर्ता गाळला आणि पुढे ‘योग्य त्या समितीकडे’ म्हटलं, की वाचणाऱ्याने कायदा उघडल्याशिवाय पत्ता सापडत नाही. ‘समितीने शिफारस केली आहे’ असं कर्तरी वाक्य लिहिलं तर औपचारिकपणा तसूभरही कमी होत नाही. न्यायालयाच्या निकालपत्रातही न्यायालय कर्ता असतंच की.

आदरार्थाचा प्रश्न याहून नाजूक. इंग्रजीत नोटीस ज्याला लिहायची त्याच्यासाठी एकच सर्वनाम. मराठीत तू, तुम्ही, आपण, शिवाय नाव न घेता ‘दावेदाराने’. ‘तू’ अर्थातच बाद. सरकारी अनुवादक डोळे मिटून ‘आपण’ निवडतो, कारण ते सर्वांत अदबीचं. पण ‘आपला’ हा शब्द मराठीत वाक्याच्या कर्त्याकडे वळतो. ‘समितीने आपला दावा नामंजूर केला’ हे वाक्य नीट वाचा. व्याकरणाने पाहिलं तर समितीने स्वतःचाच दावा नामंजूर केला! ‘ग्रामसभेने आपल्या जमिनीची मोजणी केली’ यात जमीन ग्रामसभेची की दावेदाराची? वैयक्तिक आणि सामूहिक असे दोन्ही दावे याच कायद्याखाली होतात. मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो याच कायद्याने. तेव्हा हा संदिग्धपणा नुसता पंडिती नाही. शिवाय बोलताना ‘आपण’ म्हणजे ‘आम्ही-तुम्ही सगळे’ किंवा चक्क ‘मी’ही असतो.

म्हणून माझी पसंती ‘तुम्ही’ला. चंद्रपूर-गडचिरोलीत वडीलधाऱ्यांना माणसं तुम्हीच म्हणतात, त्यात अनादर नाही. आणखी एक फायदा आहे. या कायद्याखाली विवाहित दावेदारांचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्त नोंदला जातो. ‘तुम्ही’ दोघांना सहज कवेत घेतं. ‘तुम्ही पुरावे दिले’, ‘तुम्हाला अर्ज करता येईल’ या रचनांत क्रियापद बाई-पुरुष भेद करत नाही. ‘तुम्ही हजर राहिला नाहीत’ लिहिलं की भेद आला. तिथे ‘तुमची हजेरी नोंदलेली नाही’ हे बरं. वर पत्त्यातही ‘श्री.’ आणि ‘श्रीमती’ दोघांची नावं हवीत.

आदराचा तोल दुसऱ्या टोकालाही जातो. एकाच कागदात अधिकारी ‘मा. उपविभागीय अधिकारी महोदय’ आणि शेतकरी ‘सदर इसम’ झालेला दिसतो. मूळ इंग्रजीत यातलं काहीच नसतं, ते मराठी कारकुनीने घातलेलं असतं. कार्यालयाने स्वतःच्याच पदामागे ‘माननीय’ लावून नागरिकाला पत्र लिहू नये. आणि ग्रामसभा ही कायद्याने नेमलेली निर्णय घेणारी सभा आहे. तिच्याकडे दावा फेरविचारासाठी परत पाठवायचा असेल, तर ‘ग्रामसभेस निर्देश देण्यात येतात’ असा हाताखालच्या कर्मचाऱ्याला लिहितात तसा सूर नको.

शब्दांच्या दर्जाबद्दल थोडक्यात. भाषा संचालनालय 1960 मध्ये सुरू झालं आणि त्याच्या पदनाम कोशाला आचार्य अत्र्यांनी ‘बदनाम कोश’ म्हटलं, तेव्हापासून सरकारी मराठीची थट्टा चालू आहे. पण संस्कृत शब्द म्हणजे औपचारिक आणि बाकीचे बाजारी, हा समज महसूल खात्याच्या मराठीतच खोटा ठरतो. मुदत, हरकत, हजर, नामंजूर, ताबा, पुरावा, अर्ज हे शब्द तलाठ्याच्या दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, कोर्टात चालतात आणि गावातही कळतात. ‘व्यथित’ मात्र गावात दुःखी माणसाला म्हणतील. कायद्यातल्या संज्ञा आणि समित्यांची नावं तेवढी अधिकृत अनुवादात आहेत तशीच ठेवायची, कारण उद्या अपिलात तीच शोधली जातील.

‘करावी’ या रूपाकडेही लक्ष हवं. ते विनंतीचंही आहे आणि आज्ञेचंही. ‘याचिका दाखल करावी’ म्हटल्यावर एखाद्याला वाटेल, सरकारने आणखी एक काम लावलं. इथे मूळ अर्थ मुभेचा आहे, म्हणून ‘अर्ज करता येईल’. जिथे बंधन आहे तिथे ‘केले पाहिजे’.

आता तीच नोटीस पुन्हा लिहू. समजा, कुरखेडा उपविभागातल्या एका जोडप्याचा दावा आहे. समितीने 3 जूनला शिफारस केली आणि नोटीस 20 जूनला हातात पडली.

‘तुमच्या वनहक्क दाव्याची तपासणी उपविभागस्तरीय समितीने केली. तुम्ही दोन पुरावे दिले होते: गावातील वृद्धांचे लेखी जबाब आणि दंडाची पावती. पावती 2008 सालची आहे. जबाबात ताबा कोणत्या सालापासून आहे, ते लिहिलेले नाही. त्यामुळे 13 डिसेंबर 2005 पूर्वी ही जमीन तुमच्या ताब्यात होती, हे या पुराव्यांवरून ठरत नाही, असे समितीचे मत आहे. म्हणून दावा नामंजूर करावा, अशी शिफारस समितीने जिल्हास्तरीय समितीकडे केली आहे. ती तुम्हाला मान्य नसेल, तर जिल्हास्तरीय समितीकडे तुम्हाला अर्ज करता येईल. अर्जाची शेवटची तारीख ……. आहे. त्यानंतर जास्तीत जास्त 30 दिवस मुदत वाढवण्याचा अधिकार समितीला आहे. ती वाढ मिळेलच असे नाही. अर्जावर निर्णय होण्यापूर्वी तुमचे म्हणणे मांडण्याची संधी तुम्हाला दिली जाईल.’

मजकूर लांबला, पण ऐकणाऱ्याला आता कळतं की जबाबात साल घालून आणायचं आहे. मूळ नियमालाही कारणांसकट आदेशच हवा आहे. वाक्यं तोडताना एक जपावं लागतं. 60 आणि 30 ची बेरीज करून ‘90 दिवसांत’ लिहिण्याचा मोह होतो. तसं लिहिलं तर समितीच्या मर्जीतली गोष्ट हक्क म्हणून सांगितली जाते आणि 70व्या दिवशी आलेला माणूस अडचणीत येतो.

शेवटच्या तारखेची जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली. कायद्याच्या कलमात 60 दिवस निर्णयाच्या तारखेपासून आहेत, तर नियम व्यक्तिशः कळवण्याशी मुदत जोडतो. 3 जूनपासून मोजलं तर 2 ऑगस्ट येतो आणि 20 जूनपासून मोजलं तर 19 ऑगस्ट. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तिथे हे 17 दिवस फार होतात. कोणती तारीख धरायची, हे अनुवादकाने परस्पर ठरवायचं नाही. मसुदा पाठवणाऱ्या अधिकाऱ्याला विचारून त्याच्याकडून तारीख लिहून घ्यायची. आणि अशी नोटीस तुमच्या हाती आली, त्यात शेवटची तारीख किंवा समितीचं नाव नसेल, तर पोच देताना सहीखाली मिळाल्याची तारीख स्वतःच्या हाताने लिहा आणि या दोन्ही गोष्टी कार्यालयाकडे लेखी मागा.