चेहरा तोच, पण माणूस तो नव्हे

आपला फोटो आपल्याला सहसा पटत नाही, घरच्यांना मात्र तो छान वाटतो. कारण आपण स्वतःला आरशात, म्हणजे डावं-उजवं उलटलेलं पाहत आलेलो असतो. आपली एक भुवई जरा वर असते, हसताना ओठाचा एकच कोपरा आधी उचलला जातो. हा फरक कुणी मोजत बसत नाही, पण ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यावर तो नसला तर लगेच खटकतं.

एकाच्या व्हिडिओवर दुसऱ्याचा चेहरा बसवणाऱ्या फेस-स्वॅपमध्ये नेमकं हेच होतं. कडा जुळलेल्या, रंग जुळलेला, तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. मुळाशी जावं तर एक साधी काटकसर सापडते. ज्याचा चेहरा बसवायचा त्याचे डावीकडे वळलेले फोटो कमी असले, तर उजवीकडचेच उलटवून प्रोग्रॅमला शिकवायची सोय असते. मग डाव्या गालावरचा तीळ दोन्ही गालांवर पुसट उमटू शकतो. तीळ बनवणाऱ्याच्या नजरेत येतो आणि तो दुरुस्त करतो. भुवईचा कल मात्र दोन्हीकडे सारखा होऊन बसतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रोग्रॅम प्रत्येक फ्रेमचा चेहरा वेगळा काढतो, त्यामुळे तो बारीक थरथरतो. ही थरथर घालवायला शेजारच्या फ्रेम्सची सरासरी घेतात. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात आणि मनातली नाराजी चेहऱ्यावर क्षणभर चमकून जाते, ती कधी कधी सेकंदाचा पंचविसावा भागच टिकते. म्हणजे जेमतेम एक फ्रेम. समजा, त्या फ्रेममध्ये ओठाचा कोपरा ५ पिक्सेल खाली गेला. पाच फ्रेम्सची सरासरी घेतली की प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला १ पिक्सेल येतो. थरथर गेली, पण तिच्याबरोबर नाराजीही गेली. अशा चेहऱ्याला लोक ‘मेणाचा’ म्हणतात; त्वचेला दोष देतात, खरी चूक हालचालीत असते.

हसण्याचंही तसंच. मनापासून हसताना डोळ्याभोवतीचा स्नायू आकसतो, हे फ्रान्सच्या द्युशेन यांनी १८६२ मध्येच दाखवलं होतं. शिकवायला वापरलेले फोटो कॅमेऱ्यासाठी हसलेले असले, तर प्रोग्रॅमला ते आकसणं फारसं भेटतच नाही. ओठ हसतात, डोळे नुसते उघडे राहतात.

२०२१ मध्ये टॉम क्रूझचे बनावट व्हिडिओ गाजले. ते करणारे ख्रिस उमे कसबी होतेच, पण चेहऱ्याखाली माइल्स फिशर हा नट होता. तो मुळातच क्रूझसारखा दिसतो आणि त्याची नक्कलही झकास करतो. चेहरा बदलला तरी केस, मान आणि खांद्यांची लकब फिशरचीच राहिली. प्रोग्रॅमला मनाने भरायचं फार थोडं उरलं होतं.