अडीच फुटांचं टेबल आणि महिन्याचा हिशेब

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, नारायण पेठ या भागातून चालत गेलं की जागोजागी ‘अभ्यासिका’ अशा पाट्या दिसतात. बीड, लातूर, नांदेडहून एमपीएससीसाठी आलेली मुलंमुली कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत चार-पाच कॉट असल्या की पुस्तक उघडून बसायला जागा उरत नाही. त्यामुळे त्यांचा खरा दिवस जातो तो अभ्यासिकेत. मेसचं जेवण आणि चहा सोडला तर सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत.

अभ्यासिका काढणाऱ्याची पहिली परीक्षा मोजपट्टीची असते. समजा, २० फूट बाय २० फुटांचा हॉल आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींना टेकून एकेक रांग आणि मधोमध पाठीला पाठ लावलेल्या टेबलांची जोडरांग, ही नेहमीची मांडणी. टेबलाची खोली दोन फूट धरली, तर भिंतीची रांग आणि मधली रांग यांच्यात सहा फूट उरतात. दोन्हीकडच्या खुर्च्यांना चार फूट गेले की चालायला दोन फूट. प्रत्येकाला अडीच फूट रुंदी दिली, तर भिंतीकडच्या दोन रांगांत आठ-आठ आणि मधल्या जोडरांगेत, दोन्ही टोकांना वाट सोडून, बारा जण बसतात. एकूण २८.

हीच रुंदी दोन फुटांवर आणली, की त्याच हॉलमध्ये ३४ जण मावतात. इथेच बहुतेकांचा मोह सुटत नाही. पण दोन फुटांत संदर्भाचं जाडजूड पुस्तक उघडलं की शेजारी वही ठेवता येत नाही, वही मांडीवर येते आणि कोपराला कोपर लागतं. महिनाभर मूल सोसतं आणि पुढच्या महिन्यात दुसरी अभ्यासिका शोधतं.

आता पैशांकडे येऊ. उदाहरणादाखल महिन्याची फी १००० रुपये धरू. हॉलचं भाडं १४,०००, वीज ५,०००, सफाई २,५००, पाण्याचे जार १,५००, वाय-फाय १,०००. बेरीज २४,०००. म्हणजे २८ पैकी २४ जागा भरल्या तर खर्च निघतो आणि सगळ्या भरल्या तर हातात चार हजार राहतात. खुर्च्या, प्लायवूडची पार्टिशनं, पंखे यांत घातलेले पैसे यातूनच फेडायचे. पूर्वपरीक्षा झाली की बरीच मुलं गावी जातात. तेव्हा वीसच जागा भरलेल्या असल्या तर महिन्याला चार हजार खिशातून घालावे लागतात. फी वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढवली तर गणित सुटतं, पण शेजारच्या गल्लीत कमी पैशांत जागा मिळत असते.

यावर दोन दरांचा तोडगा चांगला चालतो. राखीव जागेची फी जास्त. तिथे पुस्तकं ठेवता येतात, लॉकर मिळतो. ‘जी मोकळी असेल ती’ अशा जागेची फी कमी. मोकळ्या जागांपेक्षा तीन-चार नावं जास्त घेतली तरी सहसा भागतं, कारण रोज कोणीतरी क्लासला किंवा गावी असतं. त्याहून जास्त घेतली, की सकाळी सातला खुर्चीवर नुसती पिशवी ठेवून चहाला जाणं सुरू होतं आणि भांडणं लागतात. त्यासाठी नियम साधा हवा: तासाभराहून जास्त वेळ माणूस दिसला नाही तर पिशवी काउंटरवर जाईल. हा नियम ओळखीच्यालाही लावला तरच टिकतो.

बाकी नियमांत मोबाइलचा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. नुसतं ‘सायलेंट’ पुरत नाही. रांगेतली टेबलं एकाच लांब प्लायची असतील, तर एका टोकाला व्हायब्रेटवर ठेवलेला फोन चौथ्या खुर्चीपर्यंत थरथरतो. म्हणून फोन बॅगेत ठेवायचा, बोलणं जिन्यात, डबा बाहेर.

हवेकडे मात्र फार थोडे मालक लक्ष देतात. खिडक्या बंद करून एसी लावला की खोली गार होते, पण साधा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. २८ जणांच्या श्वासाने दुपारी तीनपर्यंत ती जड होते, डोकी दुखतात, माना टेबलावर जातात. बाहेरून आत आल्या आल्या कोंदट वास आला, की ओळखावं. एका भिंतीत एक्झॉस्ट पंखा आणि समोरची खिडकी थोडी उघडी, एवढ्याने फरक पडतो. तळघरातली जागा स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत जुन्या राजेंद्रनगरमध्ये एका क्लासच्या तळघरातल्या वाचनालयात पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी बुडून गेले. त्या तळघराला वाचनालयाची परवानगीच नव्हती. वरच्या मजल्यावरही जिन्यात चपलांचे रॅक आणि जुनी टेबलं रचलेली असतील, तर रात्री आग लागल्यावर बाहेर पडायची वाट तीच असते.

फी कधी घ्यायची, हे प्रवेशाच्या वेळीच लिहून द्यावं. एक तारखेला सगळ्यांची घेतली तर वीस तारखेला आलेल्याचं नुकसान होतं. म्हणून ज्या तारखेला प्रवेश, त्या तारखेला महिना पुरा. अनामत रक्कम लॉकरच्या किल्लीपुरती ठेवावी आणि किल्ली हातात पडताच परत करावी. परीक्षेनंतर महिनाभर गावी जाणाऱ्याला अर्ध्या फीमध्ये जागा राखून द्यावी. मालकाला रिकाम्या खुर्चीचे निम्मे पैसे तरी मिळतात आणि मुलाला परत आल्यावर तीच खिडकीजवळची जागा मिळते.