पडण्याच्या दिशेनेच हँडल

धावती सायकल पडत का नाही? या प्रश्नाला बहुतेकांकडे एक तयार उत्तर असतं: फिरणारी चाकं भोवऱ्यासारखी असतात आणि भोवरा फिरत असेपर्यंत पडत नाही. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने हे उत्तर तपासायचं ठरवलं. त्याने सायकलच्या पुढच्या चाकाशेजारी, जमिनीला न टेकणारं आणखी एक चाक बसवलं आणि ते उलट दिशेने फिरवलं. दोन्ही चाकांचे भोवऱ्यासारखे परिणाम एकमेकांना खोडून काढणार होते. तरीही त्या सायकलवर बसून तो व्यवस्थित फिरला. स्वाराशिवाय ढकलली तेव्हा मात्र ती लवकरच पडली. 1970 मध्ये त्याने हे प्रयोग प्रसिद्ध केले. भोवऱ्याचा गुण थोडी मदत करतो, पण माणूस सायकलवर तोल सांभाळतो तो त्याच्या जोरावर नव्हे, हे त्यातून दिसलं.

मग तोल सांभाळतं कोण? हँडल. उभी काठी तळहातावर तोलताना ती ज्या बाजूला कलते त्याच बाजूला आपण हात नेतो, म्हणजे काठीचं बूड पुन्हा तिच्या वजनाखाली येतं. सायकलचं बूड म्हणजे दोन चाकं रस्त्याला टेकतात त्या जागा. सायकल डावीकडे कलली की हँडल डावीकडे वळतं, चाकं डावीकडे सरकतात आणि वजनाखाली पोचतात. सायकल सरळ होते, किंबहुना जरा उजवीकडे कलते, आणि हँडल आता उजवीकडे वळतं. ओल्या चाकांनी कोरड्या रस्त्यावरून सायकल नेली तर तिचा माग सरळ उमटत नाही, किंचित नागमोडी उमटतो. सरळ जाणारी सायकल प्रत्यक्षात सतत पडत असते आणि सतत सावरत असते.

पण हँडल वळवल्यावर चाकं बाजूला सरकायची तर सायकल पुढे जात असली पाहिजे. थांबल्यावर पडण्याचं कारण इथेच आहे. समजा, सायकल पाच अंश कलली आहे. तो कल तोलून धरायला ताशी 15 किलोमीटर वेगात सुमारे 20 मीटर त्रिज्येचं वळण पुरतं, म्हणजे हँडल जेमतेम तीन अंश वळवावं लागतं. वेग ताशी 5 किलोमीटर झाला की तेवढ्याच कलासाठी सव्वादोन मीटरचं वळण लागतं आणि हँडल चोवीस अंशांच्या आसपास फिरवावं लागतं. ताशी अडीच किलोमीटरला हा आकडा साठ अंशांवर जातो. गर्दीत रेंगाळत जाताना हँडल इकडून तिकडे झपाझप फिरतं ते यामुळे. सायकल पूर्ण थांबली की हँडल कितीही फिरवा, चाकं टेकलेली जागा जवळजवळ हलतच नाही.

हँडल वळवायचं काम स्वार करतोच, पण सायकल स्वतःही त्यात हात घालते. हे घरच्या घरी पाहता येतं. सायकल फक्त सीटला धरून उभी करा आणि डावीकडे कलवा, पुढचं चाक आपणहून डावीकडे वळेल. पुढचा दांडा तिरका असतो. त्याची रेघ खाली वाढवली तर ती चाक टेकतं त्या जागेच्या काही सेंटिमीटर पुढे जमिनीला लागते, म्हणजे टेकणारी जागा मागे राहते. त्यामुळे कललेल्या सायकलच्या वजनाचा रेटा चाकाला कलाच्याच बाजूला फिरवतो. म्हणूनच चांगल्या वेगात हात सोडूनही सायकल चालवता येते.

इथेही एकच कारण धरून बसता येत नाही. नेदरलँड्समधलं डेल्फ्ट आणि अमेरिकेतलं कॉर्नेल या विद्यापीठांतल्या संशोधकांनी अशी सायकल बनवली, जिच्यात भोवऱ्याचा परिणाम जवळजवळ शून्य होता आणि पुढचं चाक त्या रेघेच्या किंचित पुढेच टेकत होतं. तरीही स्वाराशिवाय ढकलल्यावर ती स्वतःला सावरत गेली. पुढच्या भागाचं वजन त्यांनी असं मांडलं होतं की सायकल कलताच हँडल त्याच बाजूला वळावं. हा निष्कर्ष 2011 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. कारणं वेगळी असू शकतात, पण कलाच्या बाजूला वळणं त्या सगळ्यांत समान असतं.

हँडल अडलं की वेगही उपयोगाचा नाही. पुढचं चाक रस्त्यातल्या रुळाच्या खाचेत अडकलं तर भरधाव स्वारही आडवा होतो. हँडलच्या कपातले छर्रे गंजून ते जड फिरू लागलं तर सायकल सरळ रस्त्यावरही भरकटल्यासारखी चालते. असं जाणवलं तर दुकानात नेऊन छर्रे आणि ग्रीस तपासून घ्या.

मुलांना शिकवतानाही हे ध्यानात ठेवा. बाजूला आधाराची छोटी चाकं लावली की सायकल कलतच नाही, त्यामुळे कलाकडे हँडल वळवायची सवय मुलाला लागत नाही. त्याऐवजी पायडल काढून ठेवा, दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली करा आणि सौम्य उतारावर त्याला पायांनी रेटत जाऊ द्या. तोल जमला की मग पायडल बसवा.