ती तारीख गेलीय, पण एक नाव सुचवतो

लग्नाचे फोटो काढणाऱ्याला वर्षभर काम नसतं आणि ठरावीक तारखांना मात्र एकाच वेळी चार घरं बोलावतात. याचं कारण पंचांगात आहे. आषाढी ते कार्तिकी हा चातुर्मास बहुतेक घरं टाळतात, पौष टाळतात, गुरू-शुक्राचा अस्त असला की तेही दिवस जातात. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे सुट्टीतला ऐन महिनाच वजा होतो. उरलेल्या मुहूर्तांत रविवारी येणारे मोजके. कार्यालय, आचारी, गुरुजी, बँड आणि फोटोवाला, सगळ्यांना त्याच तारखांना मागणी असते.

मीही त्यांतलाच एक. मागच्या हंगामात ज्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचे फोटो मी काढले होते, त्या घरातल्या मामांचा फोन आला. ‘‘धाकटीचंही ठरलंय. तुम्हीच पाहिजे.’’ तारीख ऐकली तर त्या दिवशी सकाळचं एक लग्न मी घेतलेलं होतं, टोकनही आलं होतं. मामा म्हणाले, ‘‘आमचा गोरज मुहूर्त आहे. तुमचं दुपारी उरकेल, मग या की!’’

इथेच बरेच फोटोवाले हो म्हणतात. कागदावर ते जमतंही. पण दुपारी साडेबाराला अक्षता पडल्या म्हणजे लग्न संपत नाही. त्यानंतर पंगती, होम, सप्तपदी, कानपिळी, नातेवाइकांचे स्टेजवरचे फोटो आणि शेवटी पाठवणी. पाठवणी पाचच्या आत क्वचितच होते, आणि ती सोडून निघालेल्या फोटोवाल्याला मुलीकडचे विसरत नाहीत. दुसरीकडे गोरज मुहूर्ताच्या लग्नाचं काम दुपारी तीनलाच सुरू झालेलं असतं. नवरीची तयारी, गौरीहराशी बसलेली नवरी, सीमांतपूजन त्याच दिवशी असेल तर तेही. दोन्हीकडे अर्धं अर्धं काम होतं. म्हणून मी मामांना त्याच फोनवर नाही म्हटलं. ‘बघतो, दोन दिवसांत सांगतो’ म्हणणं मला पटत नाही, कारण त्या दोन दिवसांत इतर चांगले लोकही अडकतात.

नाही म्हटल्यावर मामांना चार नंबर पाठवून मोकळं होता आलं असतं. पण नाव सुचवायचं तर आधी ते लग्न समजून घ्यावं लागतं. मी तीनच गोष्टी विचारल्या. लग्न हॉलमध्ये की लॉनवर? घरातलं कोणी आजारी किंवा फार वयस्कर आहे का? हळद कुठे आणि कधी? उत्तरं आली: लॉन, मे महिना, सूर्यास्ताच्या सुमारास मुहूर्त. आजी व्हीलचेअरवर. हळद घरीच, आदल्या दिवशी.

या उत्तरांवरून माझ्या डोक्यातल्या तीन नावांपैकी दोन गळाली. गोरज मुहूर्त लॉनवर असला की मंगलाष्टकं सुरू होताना आकाशात उजेड असतो आणि दहा-पंधरा मिनिटांत तो झपाट्याने उतरतो. पहिल्या अष्टकाला जमलेलं कॅमेऱ्याचं गणित शेवटच्या ‘सावधान’ला चुकतं. मग अंतरपाट बाजूला होतो आणि पुढच्या काही क्षणांत सगळं एकदम घडतं: बँड वाजतो, अक्षता उडतात, माणसं पुढे सरकतात, नवरी हार घालते. शटर मंद राहिला तर अक्षतांच्या रेघा उमटतात आणि चेहरे हलतात. फ्लॅश अंगावर मारला तर मागचं निळं आकाश काळंठिक्कर पडतं. शिवाय उभं राहायची जागा आधीच धरावी लागते, अंतरपाटाच्या कडेला, दोघांचेही चेहरे एकदम दिसतील अशी. एकदा का मामा आणि करवल्या भोवती उभ्या राहिल्या, की तिथे शिरता येत नाही. माझे एक मित्र कार्यालयातल्या लग्नाचे उत्तम फोटो काढतात, पण संध्याकाळच्या उजेडातलं त्यांचं काम मी पाहिलेलं नाही. म्हणून त्यांचं नाव मी घेतलं नाही.

राहिली कोल्हापूरची माझी एक सहकारी. दोन-तीन लग्नांत ती माझ्याबरोबर दुसरा कॅमेरा घेऊन उभी होती, त्यामुळे गर्दीत ती कशी वागते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका लग्नात स्टेजवर चढता न येणाऱ्या आजोबांपाशी नवरा-नवरीला खाली घेऊन येऊन तिने फोटो काढला होता, आणि तेही कोणाला न सांगता, रांग न थांबवता. व्हीलचेअरवरच्या आजींसाठी मला असंच माणूस हवं होतं. आधी तिला फोन करून तारीख मोकळी आहे का ते विचारलं. हे न करता नाव दिलं तर त्या घराला दुसऱ्यांदा नकार ऐकावा लागतो. मग मामांना मेसेज केला:

‘मामा, त्या दिवशी मी दुसऱ्या लग्नात आहे, येऊ शकणार नाही. माझी एक सहकारी मोकळी आहे. संध्याकाळच्या उजेडातलं तिचं काम माझ्यापेक्षा चांगलं आहे. दर माझ्याहून थोडा जास्त आहे, आणि अल्बम यायला माझ्यापेक्षा वेळ लागतो, तो आधी विचारून घ्या. बोलणं आणि पैसे थेट तिच्याशीच. चालत असेल तर तुमचा नंबर तिला देतो.’

अल्बमला वेळ लागतो हे मी मुद्दाम लिहिलं. नुसतं कौतुक केलं असतं, तर तिसऱ्या महिन्यात मामांनी तिच्यावर चिडायचं आणि तिने माझ्यावर.

‘पैसे थेट तिच्याशी’ हे शब्दही तितकेच महत्त्वाचे. आमच्या धंद्यात दुसरी एक पद्धत आहे: तारीख नसतानाही बुकिंग घ्यायचं, आपल्या नावाने दुसऱ्याला पाठवायचं आणि मधला फरक ठेवायचा. आधी सांगून केलं तर त्यात गैर काही नाही, मोठे स्टुडिओ असेच चालतात. पण न सांगता केलं की लग्नाच्या सकाळी अनोळखी मुलगा कॅमेरा घेऊन दारात उभा राहतो. मग फोटो बिघडले, कार्ड खराब झालं, तर जबाबदार कोण हे दोघंही एकमेकांकडे ढकलतात. सुचवण्याचं कमिशन मी घेत नाही, कारण ते शेवटी गिऱ्हाइकाच्याच दरात चढतं. कोणी घेत असेल तर तसं गिऱ्हाइकाला सांगावं.

सुचवलेल्या माणसाला पारखायचं कसं, हे मामांनी विचारलंच. मी म्हटलं, निवडक तीस फोटो पाहू नका, ते पंधरा लग्नांतले असतात. एकाच लग्नाचे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे सगळे फोटो मागा. त्यात अंतरपाट, सप्तपदी आणि स्टेजवरचे नातेवाईक पाहा. नातेवाइकांच्या रांगेत शेवटच्या माणसाचाही चेहरा स्वच्छ असेल, तर काम पक्कं. दुसरं, कॅमेरा प्रत्यक्ष कोणाच्या हातात असेल ते नावानिशी लिहून घ्या. तिसरं, कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठतात का, आणि त्याच रात्री त्यांची आणखी एक प्रत होते का, हे विचारा.

मामांनी तिच्याशी बोलून टोकन दिलं. त्यानंतर मी त्या कामात डोकावलो नाही. आजींना दुपारनंतर थकवा येतो, एवढं मात्र मामांची परवानगी घेऊन तिला कळवलं, म्हणजे त्यांचे फोटो ती आधी उरकेल.

फार मोठ्या तारखेला असंही होतं, की माझ्या माहितीतलं सगळंच चांगलं माणूस अडकलेलं असतं. तेव्हा मी तसं सरळ सांगतो. ज्याच्या शेजारी उभं राहून काम केलेलं नाही, त्याचं नाव केवळ ओळख आहे म्हणून देत नाही. आणि कधी नकार दिल्यावर आठवड्याने माझंच आधीचं लग्न पुढे ढकललं जातं, तारीख मोकळी होते. तेव्हाही पुन्हा त्या घरी फोन करत नाही, कारण तोवर त्यांनी माझ्याच सांगण्यावरून दुसऱ्या कोणाला तरी टोकन दिलेलं असतं.