पडद्याबाहेरची फुकट कवायत

गेममधला एक गजबजलेला बाजार घ्या. त्यात १०० पात्रं आहेत, पण खेळणाऱ्याला एका वेळी ४२ दिसतात. उरलेली ५८ कॅमेऱ्याच्या पाठीमागे आहेत. प्रत्येकाच्या सांगाड्यात ६० हाडं धरली, तर दर फ्रेमला सहा हजार हाडांच्या जागा नव्यानं काढाव्या लागतात. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या, तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यातला बराच वेळ कोणालाच न दिसणाऱ्या हातवाऱ्यांवर गेला, तर गेम अडखळू लागतो.

युनिटी या गेम इंजिनात यासाठी Animator मध्ये Culling Mode ही सोय आहे. Always Animate ठेवलं, की सगळी पात्रं कायम हलत राहतात. Cull Update Transforms मध्ये न दिसणाऱ्या पात्राची हाडं हलवणं थांबतं, पण कोणती हालचाल कुठवर आली याचा हिशेब चालू राहतो. Cull Completely मध्ये तो हिशेबही थांबतो.

सर्वाधिक बचत या शेवटच्या पर्यायात आहे आणि फसगतही तिथेच होते. समजा, पहारेकरी कळ ओढतो आणि ती हालचाल पुरी झाली की वेशीचा दरवाजा उघडतो. खेळणाऱ्यानं मध्येच पाठ फिरवली, तर पहारेकरी अर्ध्यावर गोठतो आणि दरवाजा उघडतच नाही. म्हणून दरवाजा उघडण्याची वेळ हालचालीवर न सोपवता गेमच्या नियमांत वेगळी मोजावी.

आता दिसणारी ४२ पात्रं. त्यांतली १० जवळ आहेत. ती दर फ्रेमला हलवावीच लागतात. लांबची ३२ पडद्यावर बोटभरही नसतात; त्यांना चौथ्या फ्रेमला एकदा हलवलं तरी चालतं. मात्र सगळ्यांची पाळी एकाच फ्रेमला आली, तर तीन फ्रेम हलक्या आणि चौथी जड होऊन खेळ हिसके देतो. आठ-आठचे चार गट करून पाळ्या वाटल्या, की दर फ्रेमला १० आणि ८ मिळून १८ पात्रांचंच काम उरतं. पाळी आलेल्या पात्राला मधल्या चारही फ्रेमचा वेळ एकदम द्यायला हवा; एकाच फ्रेमचा दिला, तर ते चौपट संथ चालताना दिसेल. अनरियल इंजिनात अशा पाळ्या लावण्याची सोय तयारच मिळते.

तपासताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पात्र चौकटीबाहेर असलं, तरी त्याची सावली चौकटीत पडत असेल तर युनिटी ते दिसतंय असंच धरतं. संपादकातल्या Scene खिडकीत ते दिसत असेल, तरीही तसंच. म्हणून खरी बचत मोजायची, तर गेम प्रत्यक्ष फोनवर चालवून प्रोफायलरमधले आकडे पाहावेत.